१४४ हर्ट्झवर चढणारा बुरूज

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावरून उड्या मारत जाणाऱ्या पोराचा एक छोटा गेम मी ब्राउझरमध्ये लिहीत होतो. त्यात एक बुरूज मुद्दाम १८६ पिक्सेल उंच ठेवला होता. सरळ उडी मारून तिथं पोहोचता येऊ नये, आधी बाजूच्या गाड्यावर चढावं लागावं, असा हिशेब. माझ्या ६० हर्ट्झच्या लॅपटॉपवर तो बरोबर चालायचा. होटगी रोडला राहणाऱ्या मित्राकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे. त्यानं गेम उघडला आणि गाड्याकडे न बघताच टुणकन बुरजावर चढला. "का बे, हा गाडा कशाला ठेवलायस?" असं वर विचारलंन.

कोड नेहमीच्या पद्धतीचा होता. प्रत्येक फ्रेमला मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं, त्यानं गुरुत्वाकर्षण गुणून वेगात मिळवायचं, मग वेग गुणून जागेत मिळवायचं. वेळेनं गुणलं की सगळीकडे सारखं चालतं, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. एकसमान वेगानं चालण्यापुरतं ते खरं आहे, उडीला नाही. उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल आणि गुरुत्वाकर्षण २४०० असेल, तर कागदावर उंची १९२ येते. पण कॉम्प्युटर उडीची वक्ररेषा सरळ तुकड्यांनी काढतो, आणि आधी वेग कमी करून मग सरकवण्याच्या या रीतीत माथ्यापर्यंत पोहोचताना साधारण अर्ध्या पावलाइतकं, म्हणजे सुरुवातीच्या वेगानं अर्ध्या फ्रेमात कापलं जाईल तेवढं, अंतर कमी पडतं. ६० हर्ट्झवर ते ८ पिक्सेल, म्हणजे उडी १८४. १४४ वर साडेतीनच्या आत, म्हणजे उडी १८८ च्या वर. माझा बुरूज नेमका या दोघांच्या मधे होता. एखादा जुना मोबाईल ३० फ्रेमवर धापा टाकत असेल तर तिथं उडी १७६ वरच थांबणार.

फक्त उडीपुरतं बघायचं तर जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी धरून हा फरक घालवता येतो. पण घर्षण, भिंतीला धडकणं, कठड्यावर टेकणं या सगळ्यांत पावलाची लांबी शिरलेली असते. एकेक भोक बुजवत बसण्यापेक्षा पाऊलच पक्कं करावं, हे मला पटलं. भौतिकीचं पाऊल कायम १/६० सेकंदाचं. स्क्रीन कितीही वेगानं फ्रेम मागो, गेलेला वेळ एका खात्यात जमा करायचा, आणि त्यात एका पावलाइतका वेळ साठला की एक पाऊल खर्ची टाकायचं. उरलेली चिल्लर पुढच्या फ्रेमला.

बुरूज दोन्हीकडे अजिंक्य झाला. पण भाचीच्या ९० हर्ट्झच्या मोबाईलवर पोरगा अडखळत पळायला लागला. "मामा, हा लंगडतोय," ती म्हणाली, आणि ते अगदी अचूक वर्णन होतं. सेकंदाला ९० फ्रेम आणि ६० पावलं, म्हणजे दर तीन फ्रेमांत दोनच पावलं. पळायचा वेग २४० असल्यामुळे एका पावलात ४ पिक्सेल. स्क्रीनवर दिसायचं ४, ४, ०, पुन्हा ४, ४, ०. मित्राच्या १४४ वर प्रत्येक पाऊल कधी दोन, कधी तीन फ्रेम तसंच टिकून राहायचं. सरासरी वेग बरोबर होता, डोळ्याला मात्र झटके बसत होते. फ्रेमचा दर चांगला दाखवणारा आकडा इथं काहीच सांगत नाही. मी दर फ्रेमला पोरगा किती सरकला ते कन्सोलवर छापलं, तेव्हा तो शून्य उघडा पडला.

उपाय त्या चिल्लरीतच असतो. खात्यात उरलेला वेळ भागिले पाऊल, हा ० ते १ मधला अंश. मागची जागा आणि आताची जागा दोन्ही जपून ठेवायच्या आणि चित्र त्या अंशाइतकं मधे काढायचं. भौतिकीला याची खबरही लागू द्यायची नाही.

```js
const DT = 1 / 60;
let acc = 0, last = null;

function frame(now) {
  if (last === null) last = now;
  acc += Math.min((now - last) / 1000, 0.25);
  last = now;
  while (acc >= DT) {
    prevX = x; prevY = y;
    step(DT);
    acc -= DT;
  }
  const a = acc / DT;
  draw(prevX + (x - prevX) * a,
       prevY + (y - prevY) * a);
  requestAnimationFrame(frame);
}
requestAnimationFrame(frame);
```

त्यातला `0.25` शोभेचा नाही. दुसऱ्या टॅबवर गेलं की ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो. ही मर्यादा नसेल, तर पाच मिनिटांनी परत आल्यावर खात्यात पाच मिनिटं एकदम जमा होतील आणि अठरा हजार पावलं एका दमात चालवावी लागतील.

आता भाचीच्या मोबाईलवर दर फ्रेमला साधारण २.६७ पिक्सेल यायला लागले. लंगडणं गेलं, पण दोन नवी दुखणी दिसली. पोरगा खंदकात पडून सुरुवातीला परतताना १४४ वर क्षणभर हवेतून सरकत गेल्यासारखा दिसायचा, कारण खंदक आणि सुरुवातीची जागा यांच्यामधलं चित्रही कोड इमानदारीनं काढत होता. अशी एकदम उडी घेतली की मागची जागाही नव्या जागेइतकी करून टाकायची. दुसरं, पोरगा छान पळायचा पण मागचा तट थरथरायचा. कॅमेरा अजून कच्च्या `x` च्या मागे धावत होता. त्यालाही मधली जागाच द्यावी लागते.

सगळ्यात फसवं निघालं ते बटण. मित्र म्हणाला, "उडी मारतो बे, पण हा ऐकतच नाही." माझा कोड फ्रेमच्या शेवटी 'आत्ता दाबलं' ही खूण पुसत होता. १४४ फ्रेमांत पावलं फक्त ६०, म्हणजे ८४ फ्रेमांत भौतिकी चालतच नाही. तेवढ्या फ्रेमांत पडलेली बोटं, निम्म्याहून जास्त, वाऱ्यावर. माझ्या ६० हर्ट्झवर हे जवळजवळ कधीच घडत नव्हतं, म्हणून मला दिसलं नाही. खूण आता पाऊल उचलल्यावरच पुसली जाते. त्यामुळे उलट टोकही सांभाळलं जातं: मंद मोबाईलवर एका फ्रेमला दोन पावलं पडली, तरी दुसऱ्या पावलाला ती खूण मिळत नाही.

या पद्धतीची किंमत एकच. चित्र नेहमी एका पावलापर्यंत मागं असतं, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे १७ मिलिसेकंद. पुढचं पाऊल अंदाजानं काढलं तर हा उशीर टळतो, पण मग पोरगा भिंतीत घुसून मागं येताना दिसतो. तटावरच्या गेमला ते परवडणारं नाही. पाऊल १/१२० केलं तर उशीर निम्मा होतो, तेही करून पाहिलं. लगेच उडी १८८ झाली आणि पोरगा गाड्याशिवाय बुरजावर. म्हणजे पावलाची लांबी हीसुद्धा गेमच्या नियमांपैकीच एक झाली. मी १/६० वर परत आलो आणि ती ओळ बुरजाच्या उंचीच्या शेजारी नेऊन ठेवली.