ऑस्टिनहून आर्णीला: मालक अमेरिकेत, घर खेड्यात, भाडेकरार मुखत्यारपत्रावर

हा वृत्तांत एका कागदाच्या प्रवासाचा आहे. थोरला भाऊ टेक्सासमध्ये ह्यूस्टनला, धाकटा यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या खेड्यात. थोरल्याच्या नावचं दोन खोल्या अन् वसरीचं घर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना द्यायचं ठरलं. भाडं महिना ६,५०० रुपये, अनामत २०,००० रुपये, मुदत २४ महिने. सही करायला थोरला येऊ शकत नाही, म्हणून धाकट्याच्या नावे मुखत्यारपत्र. त्या कागदाला ह्यूस्टन, ऑस्टिन, यवतमाळ आणि आर्णी असे चार थांबे लागतात. शेवटचा थांबा सगळ्यात सोपा असतो, पण आधीचं जे काही चुकलेलं असतं ते तिथेच उघडं पडतं.

निघण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा ताजा उतारा घ्या आणि त्यावरचं नाव मालकाच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. खेड्यातल्या नमुना ८ वर बरेचदा घरचं हाक मारायचं नावच लागलेलं असतं. पासपोर्टवर पूर्ण नाव आणि उताऱ्यावर नुसतं ‘बंडू’, तर दुय्यम निबंधक कार्यालय विचारणारच की हा माणूस तोच कशावरून. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर ग्रामपंचायतीत नाव दुरुस्त करून घ्यायचं, नाहीतर मुखत्यारपत्रात ‘उर्फ’ घालून दोन्ही नावं लिहायची. घर अजून वडिलांच्या नावावर असेल आणि वडील गेलेले असतील, तर एकट्या थोरल्याच्या मुखत्यारपत्रावर भागत नाही. आई, बहिणी, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, म्हणून आधी वारसांची नोंद करा. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर तीही जोडा.

आता मजकूर. तयार नमुन्यात ‘माझ्या मिळकतीची सर्व व्यवस्था पाहणे’ असं एक गुळगुळीत वाक्य असतं. त्यावर विसंबू नका. मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतात, जे लिहिलं नाही तो अधिकार दिलाच नाही असं धरतात. म्हणून कामं सुटी सुटी लिहा: भाडेकरू ठरवणे, लिव्ह अँड लायसन्स करार किंवा भाडेपट्टा करून त्यावर सही करणे, मुदत वाढवणे, दस्त दुय्यम निबंधकापुढे सादर करणे, सही केल्याची कबुली देणे, फोटो अन् अंगठा देणे, नोंदलेला दस्त परत घेणे, नोटीस देणे, घर खाली करवून घेणे. सगळ्यात जास्त वेळा राहतं ते ‘कबुली देणे’. सहीचा अधिकार आहे अन् कबुलीचा नाही, अशा कागदावर दस्त अडतो. विक्री, बक्षीस अन् गहाण यांचा अधिकार दिलेला नाही असं एक वाक्य टाकलेलं बरं. भावाभावांत असं कशाला, असं वाटतं खरं, पण पुढे गैरसमज होण्यापेक्षा कागदावर असलेलं चांगलं. घराचा मालमत्ता क्रमांक आणि चारही सीमा घाला, धाकट्याचा फोटो अन् नमुना सही डकवा. मजकूर इंग्रजीत ठेवा, सोबत मराठी भाषांतर जोडा. ह्यूस्टनच्या नोटरीला मराठी वाचता येत नाही, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर शिक्का मारायला तो कचरतो.

हेच मुखत्यारपत्र शेत मक्त्याने द्यायला वापरू नका. त्याला विदर्भाचा १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि कुळाचा हक्क लागण्याचा धोका असतो. घराच्या कागदात शेताचा सर्व्हे नंबर घुसडायचा मोह टाळा.

पहिला थांबा ह्यूस्टन. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्या माणसाचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर करून प्रमाणित झालेलं चालतं. सही नोटरीच्या डोळ्यांसमोरच करायची. घरून सही करून नेलेला कागद नको. व्हिडिओवरून केलेली ऑनलाइन नोटरीही टाळा, कारण इकडे खेड्यापाड्यात शाईचा शिक्का नसलेला कागद समजावत बसावं लागतं.

दुसरा थांबा ऑस्टिन. टेक्सासच्या नोटरीचा शिक्का खरा आहे हे सांगणारं अपॉस्टिल तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळतं, एका कागदाला १५ डॉलर. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे या कागदाला पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. कॅनडातून येणारा कागदही ११ जानेवारी २०२४ पासून याच वाटेने येतो. दुबईवाल्यांना मात्र ही वाट नाही, संयुक्त अरब अमिरात त्या करारात नसल्यामुळे तिथे भारतीय वाणिज्य दूतावासातूनच साक्षांकन करून घ्यावं लागतं.

अपॉस्टिलचं पान मूळ कागदाला पिन मारून येतं. ती पिन काढू नका. झेरॉक्सच्या दुकानात पोरगा सवयीने पिन उचकटतो, पानं सुटी करतो आणि परत मारताना दुसरीकडे मारतो. मग कोपऱ्यात भोकांच्या दोन जोड्या दिसतात, आणि पान बदललं की काय ही शंका कारकुनाने घेतली तर त्याची चूक नाही. पानं दुमडून झेरॉक्स काढायची, कोपरा वाकडा आला तरी चालेल. मशीनजवळ स्वतः उभं राहा.

कुरिअर आलं की पाकीट फेकू नका. परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात पहिल्यांदा पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हा महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ चा नियम. मोजणी सहीच्या तारखेपासून नाही, कागद पोहोचल्याच्या तारखेपासून. तो दिवस पाकिटावरच्या तारखेनेच दाखवता येतो. नोंद नसलेलं पाकीट किंवा कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून आलेला कागद असेल, तर हा पुरावा हातात राहत नाही.

तिसरा थांबा यवतमाळ, आर्णीहून एसटीने चाळीसेक किलोमीटर. इथे मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात काम असतं. साधा अर्ज, मूळ मुखत्यारपत्र, दोन झेरॉक्स, कुरिअरचं पाकीट, मालकाच्या पासपोर्टची प्रत आणि मुखत्याराचं आधार एवढं सोबत न्या. भावाला मोबदला न घेता दिलेल्या अशा मुखत्यारपत्राला ५०० रुपये मुद्रांक लागतो. चलन भरलं की कागदाच्या पाठीवर शुल्क भरल्याचा शेरा अन् शिक्का येतो. हा थांबा गाळून थेट तालुक्याला गेलेल्यांना खिडकीवर एकच प्रश्न ऐकू येतो, “भाऊ, याच्यावर आपला स्टॅम्प कुठी हाय?” अपॉस्टिल कितीही झळाळतं असलं तरी ते फक्त नोटरी खरी असल्याचं सांगतं, शुल्काशी त्याचा संबंध नाही. शेरा त्याच दिवशी मिळेल असं धरून चालू नका, दुसरी फेरी मनात ठेवूनच निघा.

करार घरी तयार करताना मालकाच्या रकान्यात थोरल्याचं नाव अन् परदेशातला पत्ता, त्याखाली ‘तर्फे मुखत्यार’ म्हणून धाकट्याचं नाव. धाकट्याने सही स्वतःचीच करायची. भावाची सही हुबेहूब जमते म्हणून ती ठोकून देणारे भेटतात. मुखत्यारपत्र असूनही ती खोटी सहीच ठरते. मुखत्यारपत्राची तारीख, नोटरीचं गाव आणि मुद्रांक शेऱ्याचा क्रमांकही करारात लिहा.

शुल्काचा हिशेब सोपा आहे. २४ महिन्यांचं भाडं १,५६,००० रुपये. परत करायच्या २०,००० अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे ४,०००. बेरीज १,६०,०००, त्याचे पाव टक्का म्हणजे ४०० रुपये मुद्रांक. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये, हेच घर आर्णी शहरात असतं तर १,०००. हा दर लिव्ह अँड लायसन्सचा. मथळ्यावर ‘भाडेपट्टा’ लिहिलं तर शुल्काचं कलमच बदलतं आणि रक्कम फुगते, म्हणून मथळा विचार करून टाका. पैसे सरकारच्या ग्रास या ऑनलाइन चलनाने भरा. चलनावर पैसे भरणाराचं नाव दस्तातल्या पक्षकाराचंच हवं.

चौथा थांबा आर्णीचं दुय्यम निबंधक कार्यालय. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक डेटा एन्ट्रीत दस्ताची माहिती आधीच भरून तिचा क्रमांक लिहून न्या. मालकाच्या रकान्यात थोरला आणि मुखत्याराच्या रकान्यात धाकटा असं नीट वाचून भरा. घाईत धाकटाच मालक म्हणून भरला जातो, आणि मग सूची क्रमांक २ वर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, कायमचं चुकीचं नाव बसतं. सोबत मुखत्यारपत्राची मूळ प्रत, गुरुजी अन् धाकटा यांचे ओळखपुरावे आणि दोन ओळखदार. ओळखदार गावातलेच न्या अन् त्यांनाही आधार घ्यायला सांगा. तिथे मुखत्याराकडून एक घोषणापत्र घेतात: मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, देणारा हयात आहे, आणि हे खोटं ठरलं तर कलम ८२ प्रमाणे मी शिक्षेस पात्र. देणारा मरण पावला की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणून त्याच सकाळी ह्यूस्टनला फोन लावा. तिथे आदली रात्र असते.

सकाळी अकराच्या आत पोहोचा. दुपारून लाइन गेली की फोटो, अंगठे सगळं थांबतं, आणि संध्याकाळची गाडी चुकते. दस्त हातात आला की सूची क्रमांक २ वर तिन्ही नावं तिथेच उभ्याने वाचा, चूक असेल तर टेबल सोडायच्या आत सांगा. परतताना पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देऊन या, पाच मिनिटांचं काम.

राहिला प्रश्न भाड्याच्या पैशाचा, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. मालक अनिवासी असला की भाडं धाकट्याच्या हातात दिलं तरी ते थोरल्याचंच उत्पन्न. अनिवासीला भाडं देणाऱ्याने टीडीएस कापायचा असतो, दर ३१.२ टक्के, आणि त्याला किमान रकमेची सूट नाही. म्हणजे ६,५०० मधून २,०२८ रुपये कापून गुरुजींनी ते सरकारजमा करायचे अन् उरलेले ४,४७२ थोरल्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या बँक खात्यात टाकायचे. त्यासाठी गुरुजींना कर कापणाराचा टॅन क्रमांक काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. खेड्यातला भाडेकरू हे ऐकून दचकतो, अन् त्याचं चुकतही नाही. म्हणून करार करण्याआधीच बोलून घ्या. थोरल्याचं भारतातलं दुसरं उत्पन्न नसेल तर वर्षाच्या ७८,००० रुपयांवर शेवटी कर बसत नाही. त्याने कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच काढलं तर थोरल्याचा पैसा अडकून पडत नाही, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा मागायचा. ते प्रमाणपत्र त्या त्या आर्थिक वर्षापुरतं असतं, एप्रिल लागला की पुन्हा अर्ज.