टिपरीचं अंतर कुठून मोजायचं

“साडेचार फुटी सरी आहे, उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावणार. एकरी किती लागतील? एकच आकडा सांगा.”

सहा हजार साडेचारशे. घ्या, सांगितला. आता एवढ्यावर फोन ठेवू नका, कारण हाच आकडा मी एकदा माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी दिला होता आणि त्याचं काय झालं ते ऐकल्याशिवाय तो तुमच्या उपयोगाचा नाही.

मी उसाचा बेणे मळा करतो. दरवर्षी सप्टेंबर उजाडला की हा प्रश्न सुरू होतो, तो सुरू हंगामाची लागण संपेपर्यंत थांबत नाही. लोकांना वाटतं मी आकडा हातचा राखून सांगतो, जास्त बेणं खपवायला घोळ घालतो. कुणीतरी पारावर हे बोललेलंही माझ्या कानावर आलं. म्हणून आज सगळं सांगतो.

एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्याला सरीच्या अंतरानं भागलं की एकरात सरीची एकूण लांबी किती ते कळतं. साडेचार फुटी सरीत ती ९,६८० फूट होते, म्हणजे गुंठ्याला २४२ फूट. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. पुढे या लांबीला टिपरीच्या अंतरानं भागायचं. दीड फुटानं भागलं की ६,४५० येतात. भांडण आहे ते या दीड फुटाचं. तुम्ही मला सांगता, “दोन टिपऱ्यांत अर्धा फूट सोडतो.” मी मनातल्या मनात टिपरी एक फुटाची धरतो, त्यात तुमचा अर्धा फूट मिळवतो आणि दीड फूट करतो. तुम्ही तोच अर्धा फूट घेऊन भागाकार केलात तर उत्तर १९,३६० येतं, म्हणजे तिप्पट. असं करून तिप्पट ऊस तोडून आणलेले आणि उरलेलं बेणं बांधावर वाळवलेले शेतकरी मी पाहिलेत. अंतर म्हणजे दोन टिपऱ्यांमधली मोकळी जागा, की या टिपरीच्या मध्यापासून त्या टिपरीचा मध्य? हे आधी ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

एक डोळा लावणाऱ्यांना हा त्रास नाही. तिथे अंतर डोळ्यापासून डोळ्याचं, फूट म्हटलं की फूट, एकरी ९,६८० डोळे. रोपांचंही तसंच, साडेचार बाय दोनवर ४,८४० रोपं, हिशेब संपला. घोळ आहे तो दोन डोळ्यांच्या टिपरीत, कारण टिपरीला स्वतःची लांबी असते आणि ती दरवर्षी सारखी नसते.

दाजींची गोष्ट इथूनच सुरू होते.

दाजींचं दोन एकरांचं रान पूर्वहंगामी लागणीला तयार होतं. साडेचार फुटी सरी, मध्यम जमीन, ओली लागण. फोनवर त्यांनी विचारलं आणि मी फोनवरच सांगितलं, एकरी साडेसहा हजार धरा, दोन एकराला तेरा हजार. एका उसाची सहा टिपरी धरून मी २,१५० ऊस दिले. पंचवीसची एक मोळी, अशा ८६ मोळ्या. को ८६०३२ जातीचा, दहा महिन्यांचा, स्वच्छ बेणं. टिपरी तोडायची ती त्यांच्या बांधावर, म्हणजे वाटेत डोळे दुखावणार नाहीत.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कॅनॉलचं पाणी लांबलं होतं. ऊस जगला, पण मधल्या कांड्या आखडल्या. मोळ्या ट्रॉलीत चढताना मला ते दिसत होतं. दरवर्षी मोळीचा शेंडा ट्रॉलीच्या बाहेर येतो, त्या वर्षी सगळं आतच बसलं. हे मी आज कबूल करतो. तेव्हा माझ्या डोक्यात इतकंच होतं की डोळे तेवढेच आहेत, टिपरी तेवढ्याच निघणार, मग काय फरक पडतो?

संध्याकाळी पाचला दाजींचा फोन आला. “पाव्हणं, टिपरी संपली आणि सरी उरली.”

मी म्हणालो, “असं होणार नाही. नीट बघा, कुठं दाट पडली असेल.”

“अठरा गुंठे उरलंय. पाणी सोडून बसलोय मी.”

मी गाडी काढून गेलो तेव्हा अंधार पडत होता. लागण झालेल्या एका सरीत उतरलो आणि पट्टी लावली. टिपरी आठ इंचाची. तिच्या टोकापासून पुढच्या टिपरीच्या टोकापर्यंत सहा इंच, अगदी सांगितल्यासारखं. बायकांनी काहीच चूक केली नव्हती. वीतभराला थोडं कमी, अशा सवयीच्या अंदाजानं त्या पायानं टिपरी दाबत पुढे गेल्या होत्या. पण आठ आणि सहा चौदा इंच होतात, अठरा नाही. १२,९०० टिपऱ्या चौदा इंचानं मांडल्या तर १५,०५० फूट सरी भरते. दोन एकरात सरी होती १९,३६० फूट. उरली ४,३१० फूट, म्हणजे अठरा गुंठ्यांना जरासं कमी. दाजी बोलले तेवढीच.

माझं बेणं तोवर दुसऱ्यांना गेलेलं होतं. राहिलेला प्लॉट सहा महिन्यांचा, कोवळा. मी म्हणालो, “चार दिवस थांबा, कुठून तरी चांगलं बघतो.” दाजी म्हणाले, “रान भिजवलंय, टोळी उद्याच्याच दिवस आहे, परवा ती दुसऱ्या गावाला जाणार.” सकाळी त्यांनी कुणाकडून तरी ऊस आणला आणि अठरा गुंठे भरून टाकले. तो ऊस खोडव्याचा होता. मला ते नंतर कळलं. दाजींनाही नंतरच कळलं, असं ते सांगतात.

अडीच-तीन महिन्यांनी ताईनं बोलावलं. बासष्ट गुंठ्यांत ऊस एकसारखा होता आणि शेवटच्या अठरा गुंठ्यांत जागोजागी गवताची बेटं उभी होती. बारीक, फिकट, पांढुरकी पानं, एकेका बेटात कितीतरी फुटवे, पण एकालाही कांडी धरायचं नाव नाही. गवताळ वाढ म्हणतात त्या रोगाला. बेण्यातूनच येते, आणि खोडव्याचं बेणं घेतलं की तिला वाटच करून दिल्यासारखं होतं. औषधानं ते बेट बरं होत नाही, मुळासकट काढावं लागतं. मी आणि दाजी दोन दिवस कुदळीनं ती बेटं उपटत होतो. दाजी एक शब्द बोलले नाहीत. ताई चहा घेऊन बांधावर आली, कप माझ्या हातात दिला आणि न बोलता परत गेली. तो चहा मला अजून आठवतो.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की माझा आकडा चुकला नव्हता. आजही मी तसंच म्हणेन. ६,४५० टिपऱ्या म्हणजे १२,९०० डोळे. शंभरातले पासष्ट उगवले तर ८,४०० च्या आसपास कोंब. प्रत्येकाला गाळपालायक पाच ऊस मिळाले की ४२,००० ऊस होतात, आणि चांगल्या पिकाला एकरी चाळीस हजार पुरतात. टिपरी आठ इंचाची असो की बाराची, तिच्यावरचे डोळे दोनच. मध्यापासून मध्य दीड फूट धरलं असतं तर आठ इंचाच्या टिपऱ्यांमध्ये दहा इंच मोकळं सोडावं लागलं असतं, आणि तेच बेणं दोन एकराला बरोबर पुरलं असतं. म्हणजे कमी पडलं ते बेणं नव्हतं.

पण मग हे मी दाजींना सांगितलं होतं का? नाही. मी आकडा सांगितला, अंतर कुठून मोजायचं ते सांगितलं नाही, आणि आखूड कांड्या डोळ्यांनी पाहूनही तोंड उघडलं नाही. दाजींचं म्हणणं वेगळंच आहे. ते म्हणतात, दहा इंच मोकळं सोडायला आपली जमीन तेवढी भारी नाही, आपल्याकडे फुटवा कमी येतो, मी दाटच लावणार, तू बेणं जास्त द्यायला हवं होतंस. त्यांच्या रानाचं त्यांना माहीत. चौदा इंचानं एकरी ८,३०० टिपऱ्या लागतात, डोळे १६,६००, कोंबामागे चारच ऊस मिळाले तरी भागतं. चोपण रानात किंवा उशिरा लागण झाली तर मीही दाट लावायलाच सांगतो. तेव्हा त्यांना चूक कसं म्हणू?

आमच्या वडिलांच्या काळी तीन फुटी सरीत टोकाला टोक लावून टिपरी टाकायचे. फुटाची टिपरी धरली तर एकरी साडेचौदा हजार. तेव्हा हा प्रश्नच यायचा नाही, कारण टोकाला टोक म्हटल्यावर चुकायला जागाच नाही. अंतर वाढवलं आणि बेणं वाचवलं तशी चुकण्याची जागाही आपण तयार केली. जुनं बरं होतं असं मला म्हणायचं नाही. वाचलेलं बेणं खरं आहे आणि मोकळ्या सरीतली बाळबांधणीही खरी आहे.

म्हणून आता मला फोन करण्याआधी तुम्ही तीन गोष्टी मोजून ठेवा. सरी खरोखर टेपनं मोजा, एका सरीची लांबी आणि सऱ्या किती ते सांगा. उताऱ्यावरच्या एकरावर जाऊ नका. पाट, बांध, कडेची वाट यांत गुंठा-दीड गुंठा सहज जातो. दुसरं, बेण्याच्या पाच-सहा उसांची टिपरी तोडून लांबी बघा. तिसरं, लागणीच्या बाईला मोकळी जागा दाखवणार की मध्यापासून मध्य, ते आदल्या दिवशी ठरवा. मी दोरीला दीड-दीड फुटावर चिंध्या बांधून देतो. चिंधीखाली टिपरीचा मध्य. पहिल्या चार सऱ्या दोरीवर झाल्या की हाताला अंदाज बसतो. पहिली सरी संपली की मी थांबून टिपऱ्या मोजतो. २१० फुटी सरीत १४० पडल्या पाहिजेत. १८० पडल्या तर तिथेच कळतं की संध्याकाळी कमी पडणार, आणि तेव्हा अजून दुरुस्त करायला हातात अख्खा दिवस असतो.

यंदा दाजींनी पाच फुटी सरी सोडली. फोनवर म्हणाले, “दोनशे दहा फूट, चाळीस सऱ्या. मोजल्यात.” ८,४०० फूट. दीड फुटानं ५,६०० टिपऱ्या होतात. मी सहा हजारांचं बेणं ट्रॉलीत भरलं, वरची चारशे नांग्या भरायला पिशवीत रोपं करण्यासाठी. दोरीही मोळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. दाजींनी दोरी तशीच गोठ्यात टांगून ठेवली होती, आणि बायका सवयीनं सहा-सहा इंच सोडत चालल्या होत्या. मी विचारलं, “पहिल्या सरीत किती पडल्या?”

ती म्हणाली, “थांब, मोजून सांगते.”