आमची वाटचाल: बोर्डापासून ब्राउझरच्या टॅबपर्यंत

आमचं काम सुरू झालं ते दुकानांचे बोर्ड, लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्डांपासून, आणि तेव्हा लोगोचा सगळ्यात लहान आकार म्हणजे कार्डाचा कोपरा. नंतर क्लायंट अ‍ॅप घेऊन यायला लागले आणि हळूहळू आमचं मुख्य काम हेच झालं, की मोठा दिसणारा लोगो टॅबमधल्या १६ बाय १६ पिक्सेलमध्ये कसा ओळखू येईल. या कामात मी खरंच रमलोय, म्हणून एक केस जरा सविस्तर सांगतो.

अभ्यासाचं अ‍ॅप होतं, लोगो दीपगृहाचा. मनोऱ्यावर आडवे पट्टे, दोन्ही बाजूंना प्रकाशाचे बारीक किरण, खाली लाटा. ५१२ च्या कॅनव्हासवर सुंदर दिसायचा, टॅबमध्ये मात्र नुसता करडा खांब. कारण साधं आहे, ५१२ चे १६ केले की टॅबचा एक पिक्सेल म्हणजे मूळ चित्रातले ३२ युनिट, आणि किरणांची रेघ होती ८ युनिटची, म्हणजे पाव पिक्सेल. स्क्रीन पाव पिक्सेल काळा करू शकत नाही, तो पूर्ण पिक्सेल फिकट करडा करते. पट्ट्यांचं तर अजून वाईट, पट्टा २० आणि मधली फट २०, म्हणजे एक जोडी ४० युनिटची, सव्वा पिक्सेल. पट्टा आणि फट वेगळे दिसायला जोडीला किमान २ पिक्सेल लागतात, त्यापेक्षा कमी असेल तर दोघांची सरासरी होऊन करडा रंगच उरतो. मग मूळ फाइल कितीही शार्प असू दे, अगदी कुठल्याही आकारात न फाटणारी SVG असू दे, काही फरक पडत नाही.

त्यामुळे लोगो नुसता लहान करून भागत नाही, लहान आकारासाठी वेगळं चित्र काढावं लागतं. आम्ही १६ ची जाळी घेतली आणि लाटा काढून टाकल्या, पाच पट्ट्यांच्या जागी मनोऱ्याच्या मधोमध फक्त एक फट ठेवली, २ पिक्सेलची. मनोरा ६ पिक्सेल रुंद. इथे सम आकडे मुद्दाम घेतलेत, कारण १६ चा मध्य दोन पिक्सेलच्या बरोबर मधल्या रेषेवर येतो, तिथे ५ रुंदीचा मनोरा मधोमध ठेवला तर दोन्ही कडा अर्ध्या पिक्सेलवर पडतात आणि पुसट होतात. सम आकड्यांचा अजून एक फायदा असा की स्क्रीनचं स्केलिंग १५० टक्के असलं तर २ चे बरोबर ३ होतात आणि कडा जाळीच्या सम क्रमांकाच्या रेषेवर असेल तर स्वच्छ राहते. १२५ टक्क्यांना मात्र २ चे अडीच होतात, तिथे कडा थोडी मऊ दिसणारच, पण फट बुजत नाही आणि तेवढं पुरतं.

किरणसुद्धा काढून बघितले. चित्र एकदम स्वच्छ झालं, पण ज्यांनी लोगो आधी पाहिला नव्हता त्यांना दाखवलं तर कुणी बाटली म्हणालं, कुणी बुद्धिबळातला हत्ती. म्हणजे पट्टे नसले तरी चालेल पण प्रकाश हवाच, दीपगृह ओळखू येतं ते त्याच्यामुळे. मग सगळ्या बारीक रेघांऐवजी एकच भरीव किरण ठेवला, एकाच बाजूला, दिव्यापाशी २ पिक्सेल उंच आणि टोकाला ६. दोन्ही बाजूंना ठेवले असते तर दोघांनाही जागा अपुरी पडली असती, आणि एका बाजूच्या किरणामुळे बाह्याकृतीच वेगळी झाली. आता विचारलं की लोक थेट दीपगृह म्हणतात!

होम स्क्रीनच्या आयकॉनवर पिक्सेल भरपूर असतात, तिथे प्रश्न कापण्याचा. अँड्रॉइडमध्ये आयकॉनचा थर १०८ युनिटचा असतो, दिसतात त्यातले मधले ७२, आणि फोन कुठला आकार कापेल, गोल की गोलसर चौकोन, ते आपल्या हातात नसतं. ६६ व्यासाच्या वर्तुळात जे बसतं तेवढ्याचीच खात्री. आमच्या किरणाचं टोक त्याच्या बाहेर जात होतं म्हणून सगळं चित्र थोडं लहान करून किंचित डावीकडे सरकवलं.

टॅबसाठी रंगाचंही बघावं लागतं, लाइट थीमवर छान दिसणारा गडद निळा डार्क थीमवर गायब होतो. SVG मध्ये डार्क थीमसाठी वेगळा रंग देता येतो, पण सगळीकडे त्यावर अवलंबून राहता येत नाही, म्हणून आम्ही बहुतेक वेळा दोन्ही थीमवर उठून दिसेल असा मधला रंग निवडतो.

आता नवीन लोगोचं काम आलं की आम्ही १६ च्या जाळीवरूनच सुरुवात करतो आणि तिथे टिकलेली आकृती मोठी करत तपशील वाढवत जातो. क्लायंटला चित्रं तीन जातात, पूर्ण लोगो, अ‍ॅप आयकॉन आणि टॅबचं चित्र, आणि ३२ पिक्सेल व त्याखाली फक्त तिसरंच वापरायचं हे फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं.