सतरा नव्हे, अठरा

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी काम करते. गेल्या पावसाळ्यात मालकांनी, म्हणजे अण्णांनी, एक काम सांगितलं. सहा वर्षांत कास्टिंगसाठी ईमेलवर ज्यांनी चौकशी केली, त्यांतल्या कुठल्या कंपनीनं पाच किंवा जास्त वेळा विचारलं ते काढायचं. त्या कंपन्यांना अण्णा स्वतः भेटायला जाणार होते.

एक्सेलच्या शीटमध्ये १,८४६ ओळी होत्या. कंपनीच्या नावाचा रकाना कामाचा नव्हता, कारण एकच नाव पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिलेलं. ईमेलमध्ये मात्र @ च्या पुढचा भाग, म्हणजे डोमेन, कंपनीतला कुणीही लिहो, सहसा तोच असतो. म्हणून तेवढंच वेगळं काढायचं ठरवलं. पत्ते B रकान्यात होते.

```
=MID(B2,FIND("@",B2)+1,LEN(B2))
```

FIND @ कितव्या जागी आहे ते सांगतं. त्याच्या पुढच्या अक्षरापासून MID कापून देतं. किती अक्षरं घ्यायची तिथं अख्ख्या मजकुराची लांबी दिली तरी चालते, कारण मजकूर संपला की MID थांबतं. फॉर्म्युला खालपर्यंत ओढला, पिव्होट टेबल केलं, पाचच्या खालचे गाळले. gmail.com सगळ्यात वर आलं, ते बाजूला काढलं. छोटे वर्कशॉपवाले बहुतेक त्यावरच असतात, तिथं डोमेनवरून कंपनी कळत नाही. उरल्या ३१ कंपन्या. यादी छापून दिली.

अण्णांनी बोट फिरवत यादी वाचली आणि थांबले. "ताई, ते पुण्याचे पंपवाले कुठं गेले ह्यात? त्यांचं तर दर वर्षाला एक पत्र असतंय की."

मी जागेवर येऊन पिव्होटचा फिल्टर काढला. पंपवाल्यांचं डोमेन होतं, पण दोनदा! एकापुढं ४, दुसऱ्यापुढं ३. अक्षर न् अक्षर सारखं. कॅपिटल-स्मॉलचा प्रश्न नव्हता, पिव्होट तो फरक धरत नाही. शेवटी मोकळी जागा राहिली असेल म्हणून TRIM लावलं, तरी दोनच राहिले. इथं मला खरी भीती वाटली, कारण असे अजून किती जण गळाले असतील ते कुणाला ठाऊक!

मग अक्षरं मोजली. समजण्यासाठी पत्ता sales@example.com धरू. हाताने मोजलं तर सतरा अक्षरं होतात. एका ओळीत LEN नं १७ सांगितलं, दुसऱ्या ओळीत १८. म्हणजे न दिसणारं एक अक्षर शेपटाला होतं. ते कोणतं, हे असं विचारलं:

```
=UNICODE(RIGHT(B2,1))
```

उत्तर आलं १६०. स्पेसबार दाबल्यावर उमटते ती जागा ३२ क्रमांकाची, आणि TRIM फक्त तिलाच ओळखतं. १६० ही वेबपानांवरची 'न तुटणारी' जागा, दोन शब्द एकाच ओळीत राहावेत म्हणून घातलेली. CLEAN चाही इथं उपयोग नाही, ते ० ते ३१ क्रमांकाची अक्षरं काढतं. आमच्याकडच्या काही ओळी चौकशीच्या वेबसाइटवरून थेट कॉपी करून चिकटवलेल्या होत्या, तिथूनच हे शेपूट आलं. गंमत अशी, की हीच जागा पत्त्याच्या सुरुवातीला लागली असती तर काही बिघडलं नसतं. @ च्या आधीचं सगळं कापलंच जातं. शेवटी लागली, म्हणून ती डोमेनला चिकटून आली.

मग C रकान्यात आधी पत्ता धुऊन घेतला आणि D मध्ये डोमेन काढलं.

```
C2: =TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
D2: =MID(C2,FIND("@",C2)+1,LEN(C2))
```

नव्या एक्सेलमध्ये =TEXTAFTER(C2,"@") एवढ्यात भागतं. आमच्याकडं ते नाही. असतं तरी न धुतलेल्या पत्त्यावर त्यानंही शेपूट तसंच आणलं असतं.

सहा ओळींत #VALUE! आलं होतं, म्हणजे तिथं @ च नव्हतं. IFERROR लावून ते कोरे करणं मला पटलं नाही, कारण कोरी ओळ कुणी परत बघत नाही. उघडून पाहिलं तर सहांमध्येही मोबाइल नंबर होते. शिवाय आणखी तीन ओळींत एका चौकटीत स्वल्पविरामानं दोन पत्ते होते. तिथं डोमेनमध्येच पुन्हा @ दिसत होतं, म्हणून D मध्ये @ शोधून त्या सापडल्या. ते पत्ते हातानं वेगळे केले.

दुसऱ्या यादीत ३८ कंपन्या आल्या. पंपवाल्यांपुढं ७ होते. अण्णांनी चष्मा वर केला, पेन काढलं आणि त्या नावाला गोल करून म्हणाले, "सोमवारी निघतो. त्या सहा मोबाइलवाल्यांना तुम्ही आजच फोन लावा."