दिवे घाटाची भीती सगळे घालतात, सासवडचं कोणी सांगत नाही

"दिवे घाट चढलीस की वारी झालीच समज," असं मला निघण्याआधी निदान सहा जणांनी सांगितलं. त्यातल्या चौघांनी वारी फक्त टीव्हीवर पाहिली होती, हे नंतर कळलं. यंदा आळंदी ते पंढरपूर माउलींच्या पालखीबरोबर पायी गेले, पहिल्यांदाच. वीस वर्षं गड चढतेय, म्हणून चालण्याची काळजी नव्हती. आणि तिथेच फसले.

पुणे ते सासवड हा अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात घाट जेमतेम चार-पाच किलोमीटर. घाटात माणूस चालत नाही, गर्दी त्याला वर नेते. मृदंग वाजत असतात, रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या असतात, खाली मस्तानी तलाव दिसतो, पाऊस असला तर फारच छान. मी घाट कसा चढले ते मला आठवतही नाही. आठवतं ते माथ्यावरच्या झेंडेवाडीपासून पुढचं. आता पोचलोच, असं वाटतं आणि सासवड काही येत नाही. सपाट रस्ता, अंधार, ओले पाय, मधेच थांबा, मधेच पळा. माझ्या मते वारीतला सगळ्यात वाईट पट्टा हाच आहे, आणि फोटो मात्र सगळे घाटाचे.

गडाची सवय इथे कामाला येत नाही, त्याचं कारण साधं आहे. डोंगरात पाऊल दर वेळी वेगळं पडतं आणि वेग आपला असतो. इथे दिवसभर डांबर, पाऊल प्रत्येक वेळी तसंच पडणार आणि वेग दिंडीचा. हडपसरच्या गर्दीत पन्नास पावलं चाललं की दोन मिनिटं उभं राहायचं. चालण्यापेक्षा ते उभं राहणं तळव्यांना जास्त मारतं. म्हणून सराव करायचाच असेल तर टेकडीवर नको. डांबरी रस्त्यावर, हळू, पंधरा-वीस किलोमीटर, तेही सलग दोन दिवस. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच टेकताना काय होतं, तेवढंच बघायचं.

मी केलेल्या चुका क्रमाने सांगते. नवे घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट, जाड सुती मोजे. वडकीच्या अलीकडे सर आली आणि बुटात पाणी गेलं. दुपारच्या विसाव्याला टाचेशी गरम लागतंय असं वाटलं, पण जेवणाच्या नादात दुर्लक्ष केलं. तीच वेळ होती. फोड येण्याआधी त्या जागी असं चटका लागल्यासारखं होतं. तेव्हाच मोजा काढून, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावली तर वाचतो. झेंडेवाडीला बूट काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड होता, आणि मी शहाणपणा करून वरची कातडी सोलून काढली. असं कधीही करू नका. कातडी राहिली तर दोन दिवसांत बसते. सोलली की लोणंदपर्यंत लंगडायचं, जशी मी लंगडले.

आमच्या दिंडीतल्या एक मावशी, परभणीकडच्या, अठरावी वारी. त्यांनी माझे बूट हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "माय, हे पायात घालायचे का बैलाच्या गळ्यात बांधायचे?" त्यांच्या पायात साधी रबरी चप्पल होती. आता तुम्ही चप्पल घालून निघा असं मी म्हणणार नाही, त्यांचे तळवे वेगळे आहेत. माझं मत असं : वर्षभर वापरलेले, थोडे सैल स्पोर्ट्स शूज, पातळ मोजे तीन जोड आणि पाऊस आला की घालायला पट्ट्यांच्या सँडल. सँडल पाठीवरच्या पिशवीत. आणि मांड्या घासतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. सकाळी निघतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, जळजळ सुरू झाल्यावर नाही.

घाटाच्या दिवशी एकादशी असते हेही मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. सगळ्यात लांब दिवस आणि उपास. वाटेत माणसं हात धरधरून साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू, चहा देतात. नाही म्हणवत नाही. मी चार ठिकाणी खिचडी आणि सात-आठ चहा घेतले, घाटाच्या पायथ्याशी छातीत जळजळ, आणि पाणी मात्र दिवसभरात लिटरभरही नाही. पाणी मुद्दाम कमी प्यायले होते, कारण बाईमाणसाला आडोसा कुठे मिळणार ही धास्ती. हा हिशोब चुकीचा आहे. फिरती शौचालयं असतात, रांग असते, घाण असतात, पण असतात. पाणी प्या. खिचडी एकदाच खा, बाकी केळी.

आता माझी खरी फजिती. झेंडेवाडीला मी फोडाच्या नादात दिंडीतून बाजूला झाले, शेजारणीला न सांगता. पंधरा मिनिटांत दिंडी पुढे गेली. मोबाईलला रेंज दिसत होती, पण फोन लागत नव्हता, एवढी माणसं एका जागी. दिंडीचा नंबर पाठ होता, म्हणून निर्धास्त होते. सासवडच्या वेशीवर रात्री नऊला विचारलं, लोकांनी लगेच तळ दाखवला. एका रिक्षावाल्याने दीड किलोमीटरचे दोनशे रुपये घेतले. नंबर बरोबर, राहुट्या मात्र अनोळखी! रथापुढे 27 दिंड्या आहेत, त्यांचे नंबर वेगळे. रथामागच्या दिंड्यांचे नंबर पुन्हा 1 पासून सुरू होतात. आमची मागची, मी पोचले पुढच्या दिंडीत. तिथल्या लोकांनी भगर-आमटी वाढली, एक मुलगा सोबत दिला, आणि साडेदहाला मी आमच्या ट्रकपाशी आले. मावशी जाग्या होत्या. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा नंबर नुसता लक्षात ठेवू नका. "रथामागे" की "रथापुढे", दिंडीच्या मालकांचं नाव, ट्रकवाल्याचा फोन, असं सगळं कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये गळ्यात अडकवा. दिंडीतून बाहेर पडताना पुढच्या-मागच्या दोघींना सांगायचं, कडेने निघायचं आणि परत शिरायचं ते आपल्या ओळीच्या मागून. टाळकऱ्यांच्या दोन रांगांमधून आडवं जायचं नाही, पताकांच्या पुढे चालायचं नाही, आणि फोटोसाठी विणेकऱ्यांच्या समोर उभं तर अजिबात नाही. पहिल्या दिवशी मी हे तिन्ही केलं. विणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. त्या वेळी मधे घुसलात तर कोणी ओरडणार नाही, पण सगळी दिंडी बघते.

रोजचा दिवस असा. तीनला उठायचं, साडेतीन म्हणजे उशीर. टँकरच्या नळाखाली अंधारात अंघोळ. गरम पाण्याची बादली वाटेत पन्नास रुपयांना मिळते, मी सासवडला घेतली आणि ती कोमट होती. बिऱ्हाड बांधून पहाटेच ट्रकमध्ये टाकायचं. पालखी निघण्याआधी तीनदा कर्णा होतो. पहिल्याला तुम्ही अजून राहुटीत असाल तर तुमच्या डोक्यावरची राहुटी उतरवतात. ट्रकमध्ये गेलेली पिशवी संध्याकाळपर्यंत विसरायची. माझा रेनकोट त्यात होता, घाटाच्या दिवशी.

दिंडीला जेवणाचे, मुक्कामाचे पैसे आधी भरायचे असतात, त्याला भिशी म्हणतात. आमच्याकडे पूर्ण वाटेचे चार हजार होते. भिशी भरली म्हणजे हॉटेलात उतरलो नाही, हे नवख्यांना कळत नाही. पंगतीत वाढायला उठायचं, ताट स्वतः घासायचं, आणि "पुंडलिक वरदे" झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. राहुटीत प्रत्येकीला चटईएवढी जागा. कोपरा धरून बसू नका, कोपऱ्यात पाणी शिरतं.

तळावर पोचल्यावर समाज आरती असते. पाय कितीही दुखोत, ती एकदा तरी जवळून बघा. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार दंड वर करतात आणि सगळं गप्प होतं. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ थांबवत नाही. चोपदारांनी तिथे जाऊन ऐकून घ्यायचं, मग पुढे आरती. हरवलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. आमच्यातल्या एकीचा चष्मा तसाच मिळाला.

सासवडला दोन मुक्काम असतात, म्हणजे दुसरा दिवस चालायचं नाही. हे आधी माहीत असतं तर घाटाच्या दिवशी एवढी घाबरले नसते. त्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीला जाऊन या, पण लवकर. नंतर आरोग्य पथकाच्या तंबूत पाय दाखवा, फुकट पट्टी करतात. बाकी वेळ आडवं पडा, पाय बोचक्यावर वर. बाजारात फिरायला गेलेल्या दोघी जेजुरीला जीपने आल्या.

जेजुरीनंतरचे दिवस सोपे, नीरा ओलांडली की तर फारच. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, मला पुढच्या माणसाची पाठ दिसली. पंढरपुरात आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहण्याइतके पाय माझे शिल्लक नव्हते. नामदेव पायरी आणि कळस पाहून निघाले. एसटी स्टँडवर एकादशीच्या रात्री जाऊ नका, सरळ द्वादशीची पंगत जेवून दुपारी निघा. मी रात्रीच गेले आणि पहाटे चारपर्यंत बोचक्यावर बसून होते. बूट तिथेच एका पोराला दिले. त्याला मोठे होत होते, पण त्याला चालायचं नव्हतं, त्याचा बाप भजीची गाडी लावतो.