तुम्ही विचारलंत म्हणून: संगीतशास्त्राचं पुस्तक जपानीत नेताना

«जपानी लोक परदेशी शब्द सरळ काताकाना या उच्चारलिपीत लिहून मोकळे होतात ना? मग हार्मनीच्या पुस्तकाचं भाषांतर करताना परिभाषेवर एवढा वेळ का जातो?»

कारण तिथली जागा रिकामी नाही. पाश्चात्त्य संगीताची जपानी परिभाषा घडायला लागून दीडशेच्या आसपास वर्षं होत आली. १८७९ मध्ये सरकारने ‘ओन्गाकु तोरिशिराबे-गाकारी’ हा संगीतशिक्षणाचा विभाग काढला, इसावा शुजी यांनी त्याची सूत्रं हाती घेतली आणि बॉस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन यांना बोलावून घेतलं. त्या काळात कांजीतले, म्हणजे चिनी अक्षरांतले, शब्द घडले. पुढे संगीत महाविद्यालयांत जर्मन वळण रुजलं, आणि जॅझ व पॉपबरोबर इंग्रजी शब्द काताकानातून आले. परिणामी एकाच गोष्टीला तीन-तीन नावं आहेत, आणि प्रत्येक नाव वापरणारा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे नवा शब्द घडवण्याची वेळ अनुवादकावर क्वचितच येते. असलेल्यांतला कोणता घ्यायचा आणि तो पुस्तकभर कसा सांभाळायचा, यातच वेळ जातो.

स्वरांच्या नावांपासूनच हे सुरू होतं. जुन्या ‘इ-रो-हा’ अक्षरक्रमातली पहिली सात अक्षरं ए ते जी या स्वरांना दिली गेली. ए म्हणजे इ, बी म्हणजे रो, सी म्हणजे हा, डी म्हणजे नि. शार्पला ‘एइ’ आणि फ्लॅटला ‘हेन’ म्हणतात. हे दोन्ही शब्द त्याआधीच्या पूर्व आशियाई स्वरशास्त्रातले आहेत. मेजरला ‘चोचो’, मायनरला ‘तान्चो’. त्यामुळे सी-शार्प मायनर हे ‘एइ-हा-तान्चो’ होतं. मैफलीच्या पत्रिकेवर आणि शालेय पुस्तकात पट्टी अशीच छापलेली असते. पण वाद्यवृंदाच्या तालमीत तोच स्वर ‘त्सिस’ या जर्मन नावाने हाक मारला जातो, आणि गिटारवाला कॉर्ड वाचताना इंग्रजी ‘सी शार्प’ म्हणतो.

त्याखेरीज डो-रे-मी आहेतच. मराठी वाचकाला यातली अडचण पटकन कळेल, कारण आपला सा कोणत्याही पट्टीत बसतो. जपानी शाळेतल्या गायनात डो तसाच सरकतो, तर अनेक वादकांसाठी डो म्हणजे कायम सी. म्हणून ‘डोपासून सुरू करा’ असं वाक्य पुस्तकात एकटं सोडता येत नाही. स्वराच्या पक्क्या नावाला ‘ओन्मेइ’ आणि पट्टीतल्या त्याच्या स्थानाच्या नावाला ‘काइमेइ’ म्हणतात. डो यांतल्या कोणत्या अर्थाने वापरला आहे, ते पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवावं लागतं.

काताकानात ध्वनी उतरवल्याने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. जर्मन ई आणि इंग्रजी ए हे दोन्ही काताकानात ‘ए’ला दीर्घ रेघ देऊन लिहिले जातात. म्हणजे दोन वेगळ्या स्वरांचं नाव अक्षरशः एक होतं. बी तर त्याहून घातक आहे, कारण जर्मनमध्ये ते अक्षर बी-फ्लॅटचं आहे आणि शुद्ध बीला ते ‘हा’ म्हणतात, जो इ-रो-हातल्या सीचाही उच्चार आहे. हार्मनीच्या पुस्तकासाठी मला पटणारी वाटणी अशी: पट्ट्यांची नावं कांजी-काना पद्धतीने, कॉर्डची चिन्हं छापील रोमन अक्षरांत, आणि मजकुरात सुटा स्वर आला की रोमन अक्षरच, पण ‘ही इंग्रजी नावं आहेत’ अशी सूचना सुरुवातीला ठळकपणे. जर्मन नावं तक्त्यात एकदाच द्यावीत. सप्तकाचा आकडाही त्याच तक्त्यात हवा. पियानोच्या मधल्या सीला पुस्तकं सहसा C4 म्हणतात, पण यामाहाच्या कीबोर्डवर तोच C3 असतो. जपानी विद्यार्थ्याच्या घरी यामाहा असण्याची शक्यता बरीच आहे.

आता एक वाक्य शेवटपर्यंत नेऊन पाहू. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत या आशयाचं वाक्य हमखास असतं: सी मेजरमध्ये चौथ्या पायरीवरचा मायनर कॉर्ड हा पॅरलल मायनरमधून घेतलेला ‘बॉरोड कॉर्ड’ आहे. कॉर्डचे स्वर एफ, ए-फ्लॅट, सी. वाक्य साधं आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा ‘पॅरलल’चा. शब्दकोशात त्याला ‘हेइको’ मिळतो, आणि ‘हेइकोचो’ ही संज्ञा जपानी संगीतशास्त्रात खरोखर आहे. पण ती जर्मन ‘पाराललटोनार्ट’वरून आलेली आहे आणि तिचा अर्थ इंग्रजीतलं ‘रिलेटिव्ह’ असा आहे. सी मेजरची हेइको पट्टी ए मायनर. आपल्याला हवी आहे सी मायनर, आणि तिला ‘दोशुचो’ म्हणतात, म्हणजे एकच मुख्य स्वर असलेली पट्टी. चुकून हेइको लिहिलं तर काय होतं, ते मोजून पाहता येतं. ए मायनरच्या चौथ्या पायरीचा कॉर्ड डी, एफ, ए असा येतो. तो सी मेजरच्या दुसऱ्या पायरीचा स्वतःचाच कॉर्ड आहे. म्हणजे उसना म्हणून सांगितलेला कॉर्ड घरचाच निघतो. व्याकरण निर्दोष, संज्ञा खऱ्या, आणि विधान पोकळ. संपादक संगीतातला नसेल तर ही चूक छापून जाते.

दुसरा खड्डा ‘बॉरोड’चा. जपानीत ‘शाकुयो-वाओन’ म्हणजे शब्दशः उसना कॉर्ड. पण १९६० च्या दशकापासून तोक्योच्या कला विद्यापीठाशी जोडल्या गेलेल्या हार्मनीच्या पाठ्यक्रमावर जे विद्यार्थी वाढले, त्यांना शाकुयो-वाओन म्हटलं की दुसऱ्या पट्टीतून आणलेला डॉमिनंट, म्हणजे तिच्या पाचव्या पायरीचा कॉर्ड, आठवतो. सी मेजरमध्ये जीकडे नेणारा डी-सेव्हन्थ, उदाहरणार्थ. मायनरमधून आलेल्या कॉर्डला त्या परंपरेत ‘जुन-कोयू-वाओन’ हे वेगळं नाव आहे, म्हणजे जवळजवळ स्वतःचाच कॉर्ड. पॉपचा अभ्यासक मात्र त्याच कॉर्डला ‘सबडॉमिनंट मायनर’ म्हणून ओळखतो. शास्त्रीय वाचकासाठीच्या पुस्तकात मी जुन-कोयू-वाओन घेईन आणि पहिल्या वापराला ‘मूळ इंग्रजी पुस्तकांत याला उसना कॉर्ड म्हणतात’ अशी एक ओळ जोडेन. मूळ लेखकाने या उसनवारीच्या कल्पनेवर पुढची दोन पानं रचली असतील, तर मात्र शाकुयो ठेवून त्याची व्याख्या स्पष्ट बांधावी. संज्ञा निवडण्याआधी पूर्ण प्रकरण वाचायचं ते यासाठी.

तिसरा खड्डा चिन्हाचा. अमेरिकन पुस्तक हा कॉर्ड लहान अक्षरांत iv असा लिहितं, कारण तिथे मेजरला मोठे आणि मायनरला लहान रोमन अंक आहेत. वर सांगितलेल्या जपानी पद्धतीत सगळे अंक मोठे असतात आणि मायनरमधून आलेला कॉर्ड डावीकडे छोटं वर्तुळ देऊन °IV असा दाखवतात. अमेरिकन पद्धतीत तेच वर्तुळ उजवीकडे येतं, vii°, आणि त्याचा अर्थ डिमिनिश्ड. कॉर्ड उलटवल्याची खूणही वेगळी: अमेरिकन I6 म्हणजे पहिलं उलटं रूप, जपानी पद्धतीत तिथे I वर छोटा १ असतो. दोन्ही पद्धती एका पुस्तकात मिसळल्या तर विद्यार्थी I6 पाहून त्यात सहावा स्वर मिसळेल, कारण पॉपच्या चिन्हांत C6 म्हणजे तेच.

इथे माझं मत ठाम आहे. चिन्हं मूळ पुस्तकाचीच ठेवावीत, बदलू नयेत. पुस्तकात शेकडो उदाहरणं असतात आणि प्रत्येक स्वरलेखनाखाली अंक छापलेले असतात. चिन्हपद्धत बदलायची म्हणजे ती सगळी नव्याने जुळवायची, आणि प्रत्येक ठिकाणी चुकीला वाव. शिवाय मूळचे अंक फिगर्ड बासमधून, म्हणजे खालच्या स्वराशी अंक लिहून कॉर्ड सुचवण्याच्या जुन्या पद्धतीतून, आलेले आहेत. I6 मधला ६ हा खालच्या स्वरापासून मोजलेलं अंतर आहे, आणि पुढची प्रकरणं त्या हिशोबावर उभी असतात. म्हणून चिन्हं तशीच, आणि शेवटी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी दाखवणारं एक पान.

ब्रिटिश पुस्तक असेल तर कॅडन्सच्या, म्हणजे सांगीतिक वाक्याच्या विरामाच्या, प्रकरणात थांबून जावं लागतं. ब्रिटिश ‘इम्परफेक्ट कॅडन्स’ म्हणजे वाक्य पाचव्या कॉर्डवर येऊन थांबणं. शब्दाला शब्द ठेवला तर ‘फु-कान्ज़ेन-शुशी’ होतं, पण त्या जपानी संज्ञेत वाक्य पाचव्यावरून पहिल्यावर पोचलेलं असतं, फक्त वरचा स्वर मुख्य स्वर नसणं अशा कारणाने ते पुरतं मिटलेलं नसतं. ब्रिटिश अर्थासाठी ‘हान-शुशी’, अर्धा विराम, हवा. अमेरिकन पुस्तकातलं ‘इम्परफेक्ट ऑथेंटिक’ असेल तर मात्र फु-कान्ज़ेन बरोबर बसतं. म्हणजे एकाच इंग्रजी विशेषणाला, मूळ पुस्तक अटलांटिकच्या कोणत्या बाजूचं आहे त्यावर, दोन उत्तरं. ‘कादेन्त्सु’ हा काताकाना शब्द कॅडन्ससाठी टाळलेला बरा. तो जर्मनमधून आला आहे, विद्यार्थ्याला त्यातून सरावाची ठरावीक कॉर्डमालिका आठवते, आणि लेखनात तो एकल वादकाच्या ‘कादेन्त्सा’पासून फक्त शेवटच्या अक्षराने वेगळा आहे.

वेग आणि नादाच्या इटालियन शब्दांना फार वेळ लागत नाही. स्वरलेखनात ते रोमन लिपीत जसेच्या तसे राहतात, मजकुरात काताकानात येतात, पहिल्या वेळी कंसात अर्थ. कष्ट असतात ते लेखन एकसारखं ठेवण्याचे. क्रेशेंडो छोट्या ‘त्सु’सह आणि त्याशिवाय, दोन्ही रूपांत दिसतो, ऑक्टेव्हच्या शेवटी काही प्रकाशक ‘वु’ लिहितात, काही ‘बु’. प्रकाशकाचं धोरण विचारून शब्दयादीत एक रूप पक्कं करावं आणि शेवटी दुसऱ्या रूपाचा शोध घेऊन राहिलेले काढून टाकावेत. असाच शोध ‘ज़ेन-ओन्काइ’ आणि ‘ज़ेन-ओन-ओन्काइ’ यांचाही घ्यावा. पहिलं डायटॉनिक स्वरमाला, दुसरं होल-टोन स्वरमाला. कांजीत दोघांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि टंकताना ते अक्षर गळतं.

काही मजकूर मात्र नव्याने लिहावाच लागतो. इंग्रजी पुस्तकांत रेषांवरचे स्वर लक्षात ठेवायला वाक्यं असतात, स्वरांच्या अक्षरांतून शब्द वाचायचे सराव असतात. जपानीत त्यांचं काहीच उरत नाही. तिथे विद्यार्थी रेषा ‘मी, सो, शी, रे, फा’ अशा थेट पाठ करतो. सराव काढून टाकायचा नाही. तेवढेच प्रश्न ठेवून, स्वर ओळखून पट्टीचं नाव लिहा, असा बदलायचा, म्हणजे पुढच्या सरावांचे क्रमांक हलत नाहीत.

तपासणीची एकच रीत भरवशाची वाटते. मूळ पुस्तक न पाहिलेल्या जपानी पियानोवादकाला फक्त भाषांतर द्यावं, स्वरलेखन झाकावं, आणि मजकुरात वर्णन केलेली प्रत्येक कॉर्डमालिका वाजवायला सांगावी. वाजलेलं आणि झाकलेलं जुळलं नाही की त्या परिच्छेदातली एखादी संज्ञा चुकलेली असते. हेइको-दोशुसारखी चूक अशी लगेच कानावर येते.

आणि सूची. ती गोजूओन या जपानी अक्षरक्रमाने लावताना प्रत्येक मुख्य नोंदीखाली नाकारलेली नावंही द्यावीत: सबडॉमिनंट मायनर शोधणाऱ्याला जुन-कोयू-वाओनचं पान सापडलं पाहिजे, आणि हेइकोचोच्या नोंदीपुढे ‘इंग्रजी पॅरलल नव्हे, दोशुचो पाहा’ असं लिहिलेलं असावं.