पंचेचाळीस दिवस मोजायचे कुठून? थकलेल्या बिलाचं व्याज मागताना आलेला अनुभव

आमचं काम मशीनिंगचं. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवायचे आणि पैशांसाठी वाट पाहायची, ही या धंद्यातली जुनी रीत. पर्चेस ऑर्डरवर '९० दिवस' छापलेलं असतं आणि बहुतेक पुरवठादार तेच मुकाट्याने मान्य करतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ याबाबत स्पष्ट आहे. कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही, आणि लेखी काहीच ठरलेलं नसेल तर फक्त १५ दिवस मिळतात. म्हणजे ऑर्डरवर सही झाली म्हणून ९० दिवस कायदेशीर ठरत नाहीत. ४५ च्या पुढचा प्रत्येक दिवस व्याजाचा.

खरा वाद होतो तो हे दिवस कुठून मोजायचे यावर. कंपनीचं अकाउंट्स खातं मोजतं ते बिल सिस्टिममध्ये बुक झाल्या दिवसापासून. माल येतो, तो स्टोअरमध्ये पडून राहतो, क्वालिटीवाले सवडीने पाहतात, मग माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन निघतो आणि त्यानंतर कधीतरी बिल बुक होतं. कायदा मात्र माल प्रत्यक्ष पोहोचला तो दिवस धरतो. खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचल्या दिवशीच स्वीकारला असं मानलं जातं. मुदतीत लेखी हरकत आलीच, तर ती तुम्ही दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते.

म्हणून आमच्या फायलीतला सगळ्यात मोलाचा कागद ना बिल होता, ना ऑर्डर. तो होता डिलिव्हरी चलनाची आमच्याकडची प्रत. तिच्यावर कंपनीच्या गेटवर मारलेला इनवर्डचा शिक्का होता आणि शिक्क्यात पेनाने लिहिलेली तारीख होती, १ जून २०२४. एरवी ड्रायव्हर घाईत असतो, गेटवरचा माणूस 'नंतर देतो' म्हणतो आणि प्रत बिनशिक्क्याची परत येते. तसं झालं की पुढे ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवर भागवावं लागतं. तेवढ्यावरही तारीख सिद्ध करता येते, पण त्यासाठी वाद घालावा लागतो. शिक्का असला की वादच उरत नाही.

आता आकडे. बिल ५,००,००० रुपयांचं, ऑर्डरवर ९० दिवस. १ जूनपासून ४५ दिवस भरतात १६ जुलैला, म्हणून व्याज सुरू १७ जुलैपासून. दर कलम १६ मध्ये दिला आहे : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ, तीही दर महिन्याला. इथे अनेकजण रेपो दर धरतात किंवा आपल्या बँकेचा कर्जदर लावतात, आणि हिशेबच मोडीत निघतो. त्या काळात रेपो ६.५० टक्के होता, बँक रेट ६.७५. तिप्पट म्हणजे वर्षाला २०.२५ टक्के, महिन्याला १.६८७५ टक्के.

पहिल्या महिन्याचं व्याज ८,४३७.५० रुपये. ते मुद्दलात मिळवायचं आणि दुसऱ्या महिन्याचं व्याज ५,०८,४३७.५० वर काढायचं, ते ८,५७९.८८ येतं. असं करत १६ जानेवारी २०२५ पर्यंतच्या पूर्ण सहा महिन्यांचं व्याज झालं ५२,८०९ रुपये. सरळ व्याज धरलं असतं तर ५०,६२५ आलं असतं. थकबाकी लांबत गेली की हा फरक वाढत जातो. ७ फेब्रुवारी २०२५ ला बँक रेट ६.५० वर आला, म्हणून त्या तारखेपासून दर पुन्हा बदलेपर्यंतचा हिशेब १९.५० टक्क्यांनी वेगळा मांडावा लागतो. एक्सेलमध्ये प्रत्येक महिन्याची वेगळी ओळ ठेवा. एकाच आकड्यात व्याज लिहिलेला तक्ता समोरचा वकील पहिल्यांदा धरतो.

थकबाकी आणि व्याजासाठी अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी. हे संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिराच्या पेमेंटचा फायदा तिच्यावर मिळत नाही. नोंदणी कराराच्या आधीची हवी की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचे आधीचे निकाल पुरवठादाराच्या विरोधात गेले आहेत. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. त्याच्या भरवशावर राहू नका. ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी उरका.

अर्ज केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर ऑनलाइन केला. उद्यम क्रमांक, खरेदीदाराचा तपशील, बिलनिहाय तारखा आणि रकमा, सोबत ऑर्डर आणि बिलांच्या प्रती. (जून २०२५ मध्ये केंद्राने अशा वादांसाठी वेगळं ओडीआर म्हणजे ऑनलाइन वाद सोडवण्याचं पोर्टलही सुरू केलं आहे, तेव्हा नवा अर्ज करताना आधी तिथे पाहा.) खरेदीदार देशात कुठेही असो, प्रकरण पुरवठादाराच्या भागातल्या, याच कायद्याखाली असे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातं. परराज्यातल्या कंपनीमागे तिच्या गावी धावण्याची गरज नाही, हा या कायद्याचा मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग. ऑर्डरमध्ये दुसरीकडच्या लवादाचं कलम असलं तरी परिषदेकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

परिषदेची नोटीस गेल्यावर कंपनीचं उत्तर आलं : 'मालात दोष होता.' सोबत नाकारलेल्या नगांची यादी, तारीख ऑक्टोबरची. इथे १५ दिवसांचा नियम कामी आला. जूनमध्ये पोहोचलेल्या मालावर ऑक्टोबरमध्ये काढलेली हरकत व्याजाची मोजणी पुढे ढकलू शकत नाही. दोषाचा दावा त्यांना वेगळा मांडता येतो, पण त्याला पुरावा लागतो, आणि तेच नग पुढच्या जोडणीत वापरले गेले असतील तर तो देणं त्यांना अवघड जातं. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर 'बघू, बदलून देतो' असं मोघम उत्तर देऊ नका. दोष मान्य केल्याचा अर्थ त्यातून काढला जातो. काय, किती नग, कोणत्या बॅचचे, हे लेखी मागा.

परिषद आधी समेट घडवू पाहते. तो फसला तर लवाद चालतो. कायद्यात ९० दिवसांत निकाल देण्याचं म्हटलं आहे, प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो. पण समोरच्यालाही एक धाक असतो. निवाडा विरोधात गेला आणि कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर कलम १९ प्रमाणे रकमेच्या ७५ टक्के आधी भराव्या लागतात. शिवाय कलम २३ नुसार हे व्याज त्यांना आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. आमच्या प्रकरणात कंपनी बोलणीला आली ती याच टप्प्यावर.

समेटात मुद्दल पूर्ण मिळालं, व्याजात आम्ही थोडी सूट दिली. असं करताना बाहेरच्या बाहेर चेक घेऊन अर्ज मागे घेऊ नये. समेट परिषदेसमोर लेखी करून दोघांच्या सह्या घेतल्या, तर त्याला निवाड्याइतकंच वजन येतं आणि पैसे थकले की थेट अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येतं. आम्ही त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम लिहून घेतली, आणि एक हप्ता चुकला तर सोडलेलं व्याज पुन्हा लागू होईल, अशी ओळही घातली. कंपनीच्या वकिलाने सर्वात जास्त घासाघीस त्या एका ओळीवर केली.